आईचा कॉल आणि ओपस : दोन कांड्या रेंजवरही आवाज कसा टिकतो?

पडवीकर (रविवार, रात्री ९:४०)

मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात आहे.

आमचं घर देवरुखच्या पुढे आत आहे. माजघरात मोबाइलला रेंज नाहीच. पडवीच्या एका टोकाला, जिथे सुपाऱ्या वाळत घालतो तिथे, दोन कांड्या येतात. आई तिथेच स्टूल टाकून बसते आणि दर रविवारी पुण्यातल्या माझ्याशी बोलते. त्या जागेवर मी मागच्या खेपेला संध्याकाळी अपलोडचा वेग बघितला होता, तो ६० ते ७० केबीपीएस भरला.

पूर्वी मी नेटवरून फोन लावायची एक सेवा वापरायचो. तिच्यात आवाज आकड्यांत बसवणारा कोडेक जी.७११ होता. आईचा दर तिसरा शब्द गायब. "...ला ताप ...ता, आता ...रा आहे" एवढंच ऐकू यायचं आणि कोणाला ताप होता ते कळायला तीनदा विचारावं लागायचं. शेवटी मी स्वतः एक छोटं पान बनवलं, ब्राउझरमधून थेट कॉल जोडणारं. त्यात आपोआप ओपस हा कोडेक लागला. तीच पडवी, तेच स्टूल, तोच फोन, आणि आईचा आवाज अगदी स्वच्छ!

हे कसं झालं? ओपस फक्त आवाज जास्त दाबतो म्हणून की आणखी काही आहे? आणि दुसरं म्हणजे, आठच्या सुमारास अजूनही त्रास होतो. शब्द तुटत नाहीत, पण मी "जेवलीस का" विचारलं की उत्तर दोन सेकंदांनी येतं. मग दोघंही एकदम बोलतो आणि दोघंही थांबतो.

अर्धाशेर (रात्री ९:५८)

सोपं आहे. ओपस हुशार कोडेक आहे. नेटवर्ककडे सतत लक्ष ठेवतो, रेंज कमी झाली की स्वतःच बिटरेट खाली आणतो. जी.७११ ला ते जमत नाही. तुझ्या आठच्या त्रासाचं कारणही सांगतो. तुझ्या कॉलच्या एसडीपीमध्ये, म्हणजे कॉल जुळवताना दोन्ही टोकं एकमेकांना पाठवतात त्या मजकुरात, `opus/48000/2` असं लिहिलेलं असेल. म्हणजे ४८ किलोहर्ट्झ, स्टिरिओ. आईच्या एका माइकला स्टिरिओ कशाला? ते `16000/1` कर, निम्म्याहून जास्त भार हलका होईल.

आबा_कराडकर (रात्री १०:१०)

ओपसचा विषय निघालाच आहे तर विचारतो. माझ्या बहिणीने व्हॉट्सॲपवर तिच्या आवाजात जात्यावरच्या ओव्या पाठवल्या आहेत. त्या फाइलींच्या नावाशेवटी `.opus` असतं. नातवाने त्या लॅपटॉपवर घेतल्या, पण त्याच्या जुन्या प्रोग्रामात उघडत नाहीत. कोडेक खराब आहे का फाइल?

तारवाला (रात्री १०:४५)

आबा, दोन्ही ठणठणीत आहेत. प्रोग्राम जुना आहे. मूळ फाइल मात्र पुसू नका, ओव्या परत मिळायच्या नाहीत. नातवाला एवढं चालवायला सांगा:

```
ffmpeg -i ovi.opus ovi.wav
```

आता पडवीकर. मी अकरा वर्षं याच कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी अर्धाशेर यांची दुरुस्ती, कारण हा गैरसमज फार पसरलेला आहे. ओपसला नेटवर्क दिसत नाही. त्याच्या हातात फक्त आवाजाचे नमुने येतात. किती पाकिटं हरवली, किती उशिरा पोचली हे कॉल चालवणाऱ्या प्रोग्रामला समोरच्या टोकाकडून कळतं. तो प्रोग्राम मग एन्कोडरला सांगू शकतो, "आता १६ केबीपीएसमध्ये भागव." ओपसचं मोठेपण हे की तो हे निमूट ऐकतो. पुढच्याच तुकड्यापासून, म्हणजे वीस मिलिसेकंदांच्या आत, नवा दर लागू होतो. कॉल पुन्हा जुळवावा लागत नाही आणि मधे टकटक आवाजही येत नाही. ६ केबीपीएसपासून ५१० पर्यंत कुठलाही दर चालतो.

ऐकणाऱ्या टोकाला हे कसं कळतं? प्रत्येक पाकिटाचा पहिला बाइट त्यासाठीच राखलेला आहे. आत कुठली पद्धत वापरली, आवाजाचा पट्टा किती रुंद आहे, तुकडा किती मिलिसेकंदांचा आहे, हे सगळं त्या एका बाइटात असतं. म्हणजे प्रत्येक पाकीट आपली ओळख सोबत घेऊनच येतं. आधीचं पाकीट वाटेत हरवलं तरी पुढचं कसं उलगडायचं यात गोंधळ होत नाही.

आणि कृपा करून ते `48000/2` बदलू नकोस. ओपससाठी ती ओळ कायम तशीच लिहायची असा नियम आहे. आवाज मोनो असो, अरुंद असो, ४८००० हे फक्त वेळ मोजायचं घड्याळ आहे. ते बदललंस तर समोरचा ब्राउझर ओपस ओळखणारच नाही आणि कॉल जी.७११ सारख्या जुन्या कोडेकवर जाईल, म्हणजे पुन्हा "...ला ताप ...ता".

अर्धाशेर (रात्री १०:५२)

बरं झालं सांगितलंत. मी दोन वर्षं ती ओळ स्टिरिओच समजत होतो.

तारवाला (रात्री ११:२०)

आता तुझा मूळ प्रश्न. नुसतं दाबणं हे उत्तर नाही. एमपी३ सुद्धा दाबतोच, पण त्याच्यावर कॉल लावून बघ. त्याला आवाज जमा करून मगच कोडता येतो, त्यातच शंभरावर मिलिसेकंद जातात. ओपस नेहमीच्या मांडणीत वीस मिलिसेकंदांचा तुकडा घेतो आणि साडेसहा मिलिसेकंद पुढचं बघून ठेवतो. एकूण २६.५. एका बाजूने दीडशे मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर बोलताना जाणवत नाही असं दूरसंचारवाले धरतात. त्यातला अगदी थोडा वाटा कोडेकने घेतला, बाकीचा रस्त्याला उरला. तुझ्या आईच्या रस्त्याला तो हवाच आहे.

हे जमतं कारण आत दोन कोडेक आहेत. एक स्काइपने बनवलेला सिल्क. माणसाच्या गळ्यातून आवाज कसा निघतो याचा हिशेब धरून तो थोडक्या बिटांत बोलणं मांडतो. दुसरा झिफवाल्यांचा सेल्ट, संगीतासाठी आणि अगदी कमी उशिरासाठी. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफने दोन्ही जोडून एकच मानक काढलं. दर कमी असेल तर सिल्क, जास्त असेल तर सेल्ट, मधल्या पट्ट्यात दोघं मिळून. दर १६ च्या आसपास असला तर तुझ्या आईचं बोलणं मुख्यतः सिल्क मांडेल.

आता भार बघू. जी.७११ चा दर ६४, त्याला कमी होता येत नाही. सेकंदाला पन्नास पाकिटं, प्रत्येकावर पत्ता वगैरेचे ४० बाइट. त्याचेच १६ केबीपीएस होतात. एकूण ८०. आईकडे ६० चीच वाट आहे, मग दर तिसरा-चौथा शब्द गाळला जाणारच. ब्राउझर बोलण्यासाठी ओपस साधारण ३२ वर ठेवतो. ३२ आणि १६, ४८. मावलं.

घाटावरची (सोमवार, सकाळी ७:१५)

तारवाला, हिशेब चोख आहे पण एक राहिलं. मोबाइल डेटावर हल्ली बहुतेक आयपीव्ही६ असतं, तिथे ४० नाही, ६० बाइट धरा. ब्राउझरचा कॉल कूटबद्ध असतो, त्याचे आणखी १० धरा. म्हणजे ३२ च्या दराला ८० बाइट आवाज आणि ७० बाइट वेष्टन, दीडशे. गुणिले पन्नास पाकिटं. बरोब्बर ६० केबीपीएस होतात. पडवीकरांची वाट काठोकाठ भरलेली आहे. आठला गावातले सगळे मोबाइल घेऊन बसले की ती ६० ची ४० होत असणार.

तारवाला (सकाळी ८:०५)

अगदी बरोबर, मी जुन्या सवयीने ४० धरले. आणि त्यामुळे दोन सेकंदांचं कोडंही सुटतं. वाट ४० ची आणि पाठवणं ६० चं असलं की पाकिटं लगेच हरवत नाहीत, फोनमध्ये आणि टॉवरकडे रांगेत उभी राहतात. रांग वाढते, उशीर वाढतो, शब्द मात्र तुटत नाहीत. पडवीकर, खात्री करून घे. कॉल चालू असताना दुसऱ्या टॅबमध्ये `chrome://webrtc-internals` उघड. `roundTripTime` हळूहळू चढत असेल आणि `packetsLost` जवळजवळ हलत नसेल तर ही रांगच आहे. उलट वेळ स्थिर आणि हरवणं मात्र झटक्याझटक्याने वाढत असेल तर रेंजचा दोष, त्याचा उपाय वेगळा.

नांदेडची_सून (सकाळी ९:३०)

एवढा खटाटोप कशाला? साधा मोबाइल कॉल करा ना! त्याच्या आवाजाला टॉवर वेगळी राखीव जागा देतो, डेटाच्या गर्दीत उभं राहावं लागत नाही. माझे सासरे तसेच बोलतात, कधी अडचण नाही.

पडवीकर (सकाळी १०:१०)

ताई, पटतं. एकटा मी असतो तर तेच केलं असतं. पण धाकटा भाऊ श्टुटगार्टला आहे आणि आईला दोघं एकत्र हवे असतात.

तारवाला, घाटावरची, दोघांचेही मनापासून आभार. रविवारी बघून सांगतो. तोवर दर कमी कसा करायचा?

तारवाला (सकाळी ११:००)

एसडीपीमधल्या ओपसच्या ओळीत भर घाल:

```
a=fmtp:111 minptime=10;useinbandfec=1;maxaveragebitrate=16000
a=ptime:40
```

१११ हा आकडा तुझ्याकडे वेगळा असू शकतो, वरच्या `rtpmap` ओळीत बघून घे.

दुसरी ओळ महत्त्वाची. दर १६ केलास तरी वीस मिलिसेकंदांच्या पाकिटात आवाज ४० बाइट आणि वेष्टन ७० बाइट. चिठ्ठीपेक्षा पाकीट जड! एकूण ४४. चाळीस मिलिसेकंदांची पाकिटं केलीस की संख्या निम्मी होते आणि एकूण ३० वर येतं.

अर्धाशेर (सकाळी ११:१५)

मग साठच का नको? ओपसला साठचा तुकडा चालतो, हे तरी मला नक्की माहीत आहे.

घाटावरची (दुपारी १:४०)

चालतो. पण हिशेब करून बघा. वीसवरून चाळीसवर गेलं की १४ केबीपीएस वाचतात. चाळीसवरून साठवर गेलं की ३० चे साधारण २५ होतात, पाचच वाचतात. त्या पाचासाठी उशीर आणखी वीस मिलिसेकंदांनी वाढतो आणि एक पाकीट हरवलं की साठ मिलिसेकंदांचा आवाज जातो, म्हणजे एखादं अक्षरच. "नको" मधला "न" गेला तर आई काय ऐकेल? मी चाळीसवर थांबेन.

मंजिरी_गाते (दुपारी ३:०५)

मी शास्त्रीय गायन शिकवते. एक विद्यार्थिनी न्यू जर्सीला आहे. माझा अनुभव तुमच्या उलट आहे. नेट दोन्हीकडे उत्तम, पण तिला माझा तानपुरा ऐकूच जात नाही. सुरू केला की दोन-तीन सेकंद येतो आणि मग विरत जातो. मी थांबून बोलले की परत डोकावतो. आणि ठेका धरून तिला टाळी द्यायला सांगितली की टाळी दर वेळी मागे पडते. हा ओपसचाच दोष ना?

तारवाला (दुपारी ४:२०)

मंजिरीताई, दोन्हींत ओपस निर्दोष आहे. तानपुरा ओपसपर्यंत पोचतच नाही. ब्राउझर त्याच्या आधी गोंगाट काढणारी गाळणी लावतो. एकसारखा चालू राहणारा आवाज म्हणजे पंखा, अशी तिची समजूत. षड्ज-पंचम तिला पंखाच वाटतो. ती बंद करावी लागते:

```
navigator.mediaDevices.getUserMedia({ audio: {
  echoCancellation: false,
  noiseSuppression: false,
  autoGainControl: false } })
```

हे केल्यावर दोघींनी कानात हेडफोन घातलेच पाहिजेत, नाहीतर तुमचाच आवाज तिच्याकडून फिरून परत येईल. आणि दर वाढवा, ९६ किंवा १२८. तुमच्याकडे नेट आहे, तिथे काटकसर नको.

टाळीचं मात्र दुःख आहे. इथून न्यू जर्सी सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटरच्या घरात. काचेच्या तारेतून प्रकाशाला हजार किलोमीटरला पाच मिलिसेकंद लागतात. म्हणजे एका बाजूला बासष्ट, तेही तार सरळ असती तर. प्रत्यक्षात जाऊन-येऊन अडीचशेच्या पुढे धरा. ओपसला पाच मिलिसेकंदांपर्यंत खाली आणता येतं, पण त्याने समुद्र आखूड होत नाही.

मंजिरी_गाते (दुपारी ४:५५)

अडीचशे! मी मध्यलय मिनिटाला १२० मात्रांची धरते, एक मात्रा पाचशे मिलिसेकंदांची. म्हणजे तिची टाळी माझ्याकडे अर्धी मात्रा उशिरा येते. अगदी हेच मी तिला महिनाभर सांगत होते, "तू अर्ध्या मात्रेने मागे आहेस". आणि ती बिचारी दर वेळी पुढे ढकलायला बघत होती. आजच तिला फोन करते. यापुढे ठेका तिच्याकडे वाजेल आणि ती त्यावर गाईल, मी फक्त ऐकेन.

विदर्भी_वारं (रात्री ८:३०)

पडवीकर भाऊ, एक राहिलं. `usedtx=1` पण लावून टाक. कोणी बोलत नसलं की ओपस पाकिटं पाठवणं जवळपास बंदच करते, चारशे मिलिसेकंदांत एखादं. आई ऐकत असते तेव्हाचा पूर्ण डेटा वाचते.

घाटावरची (रात्री ८:५०)

मी हे वृद्धांच्या कॉलला लावणार नाही. मागचा बारीक आवाज बदलला किंवा गेला की त्यांना फोन कट झाला वाटतं, "हॅलो, हॅलो" सुरू होतं. आणि अपलोडची अडचण आई बोलत असतानाची आहे, गप्प असतानाची नाही. तिथे डीटीएक्सचा काय उपयोग?

विदर्भी_वारं (रात्री ९:०५)

रांग साचली असली तर गप्प असतानाच ती रिकामी होते ना! तिथेच तर उपयोग आहे. माझ्या आजीला कधी "हॅलो, हॅलो" करावं लागलं नाही.

पडवीकर (पुढचा रविवार, रात्री १०:३०)

कॉल झाला. आधी माझी चूक सांगतो, म्हणजे दुसऱ्या कोणाचा वेळ जाणार नाही. मी त्या दोन ओळी आईच्या फोनकडून निघणाऱ्या एसडीपीत घातल्या. काही फरक नाही, आठ वाजता `roundTripTime` ०.३ वरून चढत चढत १.९ वर गेला आणि `packetsLost` फक्त ४ वर. तारवाला म्हणाले तशी हुबेहूब रांग. मग नीट वाचल्यावर कळलं की त्या ओळीत आपण "मला एवढंच पाठव" असं सांगत असतो. आईच्या ओळीने माझं पाठवणं कमी झालं होतं, जे आधीच व्यवस्थित चालू होतं. ओळी माझ्या बाजूच्या एसडीपीत हलवल्या आणि कॉल पुन्हा जोडला. आईकडून येणारं ३० च्या आसपास आलं आणि वेळ ०.२ च्या खाली राहिली. आवाज किंचित जाड वाटतो, पण "जेवलीस का" ला लगेच उत्तर आलं: "तुझ्याआधी."

डीटीएक्सही लावून बघितलं. पण बाहेर पाऊस, पडवीवर पत्रा. पत्र्यावरचा आवाज त्याला बोलण्यासारखाच वाटत असावा, पाकिटं एक क्षण थांबली नाहीत. तेव्हा तुमचा वाद पाऊस उघडल्यावरच बघता येईल.

तारवाला (रात्री १०:४५)

एसडीपीची ही दिशेची चूक कामावरही नवी मुलं हमखास करतात. मीच आधी लिहायला हवं होतं.

रेंज झटक्याने जाते तेव्हासाठी `useinbandfec` आहे. आधीच्या तुकड्याची हलकी प्रत पुढच्या पाकिटात बसते, एखादं पाकीट हरवलं तरी भरून निघतं. मात्र तिची जागा त्याच १६ मधून जाते आणि लागोपाठ दोन हरवली तर त्यातलं पहिलं परत मिळत नाही.

भाऊ होता का कॉलवर?

पडवीकर (रात्री ११:०२)

तीच अडचण उरली आहे. तो आला की आईचा फोन दोघांना वेगवेगळा आवाज पाठवतो, ३० चे परत ६० होतात. तो जोडला गेला आणि दहा मिनिटांत वेळ पुन्हा एक सेकंदावर. आईने एकदाच माझ्याकडे पाठवायचं आणि माझ्या मशीनने ती पाकिटं न उलगडता तशीच पुढे श्टुटगार्टला ढकलायची, असं करता येईल का?

घाटावरची (रात्री ११:१०)

येईल. उलगडून पुन्हा कोडू मात्र नका, तुकड्याचे ते चाळीस मिलिसेकंद पुन्हा मोजावे लागतील. भावाला आईचा आवाज पुण्याच्या वळशाने जाईल, तो वळसा तुमच्या मशीनवरून श्टुटगार्टला `ping` करून आधी मोजून ठेवा.